मदत हवी आहे: बारावी आणि सीईटीच्या वेटेजचं गणित

दादरच्या एका कॉलेजचा फॉर्म भरतोय, बारावी आणि सीईटी मिळून मेरिट लागणार म्हणे. भाचीला बोर्डात ९०, सीईटीत ७०, तिच्या मैत्रिणीला ७८ आणि ८०. ५०:५० धरलं तर भाची ८०, मैत्रीण ७९, म्हणजे भाची पुढे. पण बोर्ड ४० सीईटी ६० केलं की भाची ७८ आणि मैत्रीण ७९.२, झाली ना उलटापालट! बोर्डाचं वेटेज साधारण ४५.५ टक्क्यांखाली गेलं की नंबर फिरतो, एवढं मांडून बघितलं.

आता खरा प्रश्न, बोर्डात सगळेच ८५-९५ मध्ये दाटलेले आणि सीईटीत मार्क ४० ते ९० पसरलेले असतील तर ५०:५० ला पण रँक सीईटीच ठरवणार ना? मग वेटेज लावायच्या आधी बोर्डाचे मार्क पर्सेंटाईलमध्ये बदलतात का, कोणी नीट सांगेल का?