शब्दचर्चा : ‘वैवाहिक बलात्कार’ यातलं ‘वैवाहिक’ नेमकं काय सांगतं?

खिळेजुळारी
साखर पेठेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, असलं काम. गेल्या आठवड्यात विडी घरकुलातल्या बायकांच्या बैठकीसाठी एक पत्रक जुळवायला आलं. मथळा होता, ‘वैवाहिक बलात्कार म्हणजे काय?’ प्रूफ वाचता वाचता आमचे काका म्हणाले, “म्हणजे लग्नाचं आमिष दाखवून केलेला, तोच ना?” पत्रक घेऊन आलेल्या ताई हसल्या. बैठकीतही बऱ्याच जणी हेच विचारतात म्हणे. मग शब्दच बदलावा का? ‘विवाहांतर्गत’ लिहू, की सरळ ‘नवऱ्याने केलेला’?

बाराबंदी
काका बरोबर आहेत की. पेपरात रोज येतं, ‘लग्नाचे आमिष दाखवून अत्याचार’. त्याला शिक्षापण आहे. पत्रकात कलम टाका म्हणजे झालं.

कोर्टटायपिस्ट
बाराबंदी, ती वेगळी गोष्ट. लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवणं हे भारतीय न्याय संहितेचं कलम 69. तिथे लग्न झालेलंच नसतं. इथे लग्न झालंय, संसार चालू आहे, आणि नवरा बायकोच्या मनाविरुद्ध संबंध करतोय. एकीकडे लग्नाचं वचन मोडलं म्हणून तक्रार, दुसरीकडे लग्न आहे म्हणूनच तक्रार कुणी ऐकत नाही. वर्तमानपत्री मथळ्यांनी ‘लग्न’ आणि ‘बलात्कार’ हे दोन शब्द एकाच साच्यात इतक्या वेळा छापलेत की दुसरा अर्थ कानावर पडतच नाही.

कोशकीटक
‘वैवाहिक’ या विशेषणाचाही दोष आहे. वैवाहिक सुख, वैवाहिक जीवन, वैवाहिक स्थळ. शब्द जिथे जातो तिथे शुभकार्याचा वास घेऊन जातो. त्यापुढे ‘बलात्कार’ आला की वाचणारा गोंधळतो. आणि ‘बलात्कार’ मुळात नुसता ‘बळाने करणे’. जुन्या धर्मशास्त्रात हा वसुलीचाही शब्द आहे. ऋणको कर्ज फेडत नसेल तर सावकाराने त्याला धरून आणायचं, अडकवून ठेवायचं, त्या रीतीला बलात्कार म्हणत. मला ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा चमकायला झालं, कारण नवऱ्याच्या बाजूने बोलणारी माणसं आजही देण्याघेण्याचीच भाषा वापरतात. ‘हक्क आहे’, ‘पोसतो’, ‘देणं लागते ती’.

बाराबंदी
अहो पण संमती लग्नातच दिलेली असते. आपल्या सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर आधी संमती वाचतात, मगच अक्षता पडतात. एकदा वाचली की झालं. दर वेळी काय कागद वाचायचा?

कोशकीटक
दाखला झकास काढलात, पण तो तुमच्यावरच उलटतो. त्या सोहळ्यामागची कथा आठवा. कुंभारकन्येने सिद्धरामांशी, म्हणजे सिद्धेश्वरांशीच, लग्नाची इच्छा धरली आणि त्यांनी नाही म्हटलं. म्हणून तिचं लग्न लागलं ते त्यांच्या योगदंडाशी. नकार ऐकून त्यातून वाट काढल्याचा सोहळा आहे तो. आणि तिथली संमती विवाहाची. संमती कशाला, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं. भागीदारीच्या करारावर सही केली म्हणून भागीदार रात्री येऊन तुमची तिजोरी उघडत नाही.

कोर्टटायपिस्ट
तिजोरीची उपमा मला रुचली नाही, बाई म्हणजे ऐवज नव्हे. मुद्दा मात्र तोच. न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये बलात्काराची व्याख्या आहे, तिथेही संमती म्हणजे ‘त्या विशिष्ट कृतीला’ स्वेच्छेने दिलेला स्पष्ट होकार. शिवाय बाईने अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं धरायचं नाही, हेही तिथेच लिहिलंय.
आता खरी गाठ. त्याच कलमात अपवाद आहे : बायको 18 वर्षांच्या आतली नसेल तर नवऱ्याने केलेला संबंध बलात्कार ठरत नाही. जुन्या दंडविधानात हे वय 15 होतं, सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली ते 18 वर नेलं. या अपवादामुळे लोक म्हणतात, ‘म्हणजे कायद्यानेच परवानगी आहे.’ तसं नाही. तिची संमती होती असं अपवाद म्हणत नाही, त्या नावाने खटला चालणार नाही एवढंच म्हणतो. 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची या अपवादावर दोन मतं पडली आणि प्रकरण वर गेलं.
नवरा-बायको वेगळे राहत असतील तर मात्र कलम 67 खाली तो गुन्हाच आहे, 2 ते 7 वर्षं शिक्षेचा.

शेंगाचटणी
मला कलमं कळत नाहीत. लेकीच्या मोबाईलवर बोलून टाकतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. धाकटा झाला तेव्हा वीस दिवस झाले होते, टाके ओले होते. एकच खोली. मोठी पोर शेजारी झोपलेली. मी ओरडले असते तर ती उठली असती. म्हणून गप पडून राहिले. सकाळी विड्या वळायला बसले तर हात चालेना, सुपातली पानं तशीच सुकली. सासूला सांगितलं तर म्हणाली, नवराच आहे ना. आम्ही याला बलात्कार कधीच म्हटलं नाही. ‘त्रास देतात’ म्हणायचो.

खिळेजुळारी
मावशी, मी पत्रक पुन्हा उघडून बसलोय. सगळ्याच जणी ‘त्रास’च म्हणतात का?

शेंगाचटणी
‘त्रास देतो’, ‘ऐकत नाही’, ‘मनाविरुद्ध’. शिकलेल्या पोरी ‘जबरदस्ती’ म्हणतात.

कोर्टटायपिस्ट
मावशी, गप पडून राहिलात म्हणजे होकार दिला असं होत नाही. वर लिहिलं ते यासाठीच.
दादा, ‘त्रास’ या शब्दापाशीच काम अडतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ येतो. संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल भरतात, त्यात जबरदस्तीच्या शरीरसंबंधाची वेगळी नोंद असते. पण बाई म्हणते ‘त्रास देतात’, आणि लिहिणारा मारहाण किंवा शिवीगाळीपुढे खूण करतो. तो रकाना कोराच राहतो. पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर ती हे बोलली की समोरचा वकील विचारतो, ‘आधी का नाही सांगितलं?’ सांगितलेलं असतं हो, ‘त्रास’ या शब्दात. म्हणून लिहिणाऱ्याने विचारायला हवं, कसला त्रास? आणि बाईने सही करण्याआधी ते मोठ्याने वाचून घ्यायला हवं.

बाराबंदी
बरं, पण खोट्या तक्रारी? बंद खोलीतलं सिद्ध कसं करणार?

कोर्टटायपिस्ट
घरातली मारहाणही बंद खोलीतच होते, तरी तिची तक्रार घेतात. सिद्ध करणं अवघड, मान्य. पण अवघड असणं आणि गुन्हाच नसणं यात फरक आहे. आणि ज्या अहवालाबद्दल मी बोलतोय त्यातून आधी मिळतो तो संरक्षणाचा आदेश, तुरुंग नाही.

बाराबंदी
तुरुंग नाही म्हणता, पण बदनामी आहेच. मला अजून पटलेलं नाही. आमिषाचा घोळ मात्र माझाच होता.

कोशकीटक
माझं मत, मथळ्यात ‘वैवाहिक’ नको. ‘विवाहांतर्गत’ अचूक आहे, पण उच्चारताना जीभ अडखळते.

कोर्टटायपिस्ट
मी ‘बलात्कार’ काढू नका म्हणेन. न्यायालयात भांडण त्याच शब्दासाठी चाललंय. गर्भपाताच्या नियमांपुरतं तर सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये नवऱ्याने केलेला बलात्कारही त्याच शब्दात धरला आहे.

खिळेजुळारी
आत्ता असं जुळवलंय. मथळा : ‘नवरा मनाविरुद्ध जबरदस्ती करतो का?’ खाली बारीक टायपात : ‘यालाच विवाहांतर्गत बलात्कार म्हणतात. लग्नाचं आमिष दाखवण्याशी याचा संबंध नाही.’ ताई उद्या प्रूफ न्यायला येतील. काकांना वाचायला दिलं, तर त्यांनी ‘जबरदस्ती’ खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि न बोलता कागद परत दिला.

शेंगाचटणी
अक्षर मोठं ठेवा. आमच्याकडं चष्मा सगळ्यांना नाही.