शब्दचर्चा: रीटायमिंग

गौरी (दादर): व्हीएलएसआयच्या तासाला सरांनी ‘रीटायमिंग’ हा शब्द वापरला. पाइपलाइनिंगपेक्षा ते वेगळं कसं?

सुहास (विरार): रेल्वेत हा रोजचा शब्द आहे. लोकलची वेळ पाच मिनिटं पुढे नेली की रीटायमिंग झालं. इथेही क्लॉकची वेळच बदलत असणार.

निखिल: क्लॉकचा संबंध नाही. पाइपलाइनिंगचंच दुसरं नाव आहे ते. मधे रजिस्टर टाकायचं की वेग वाढतो.

मीनल (अंधेरी): निखिल, रजिस्टर टाकलं तर उत्तर एक सायकल उशिरा येतं. रीटायमिंगमध्ये असलेलंच रजिस्टर सरकतं, उत्तर त्याच सायकलला मिळतं.

गौरी, समज पहिल्या टप्प्यात गुणाकार ४ नॅनोसेकंद आणि मग बेरीज २. त्यानंतर रजिस्टर, आणि दुसऱ्या टप्प्यात तुलना, तीही २. रजिस्टरचा स्वतःचा वेळ सोडला, तर पहिल्या टप्प्यामुळे क्लॉक ६ च्या खाली जात नाही. तेच रजिस्टर बेरजेच्या मागे नेलं की दोन्हीकडे ४-४ होतात. १६६ मेगाहर्ट्झचं डिझाइन २५० वर जातं.

पण बेरजेला दोन इनपुट आहेत. रजिस्टर मागे नेताना दोन्हींवर एकेक लागतं, म्हणजे फ्लॉप वाढतात.

निखिल: मग ‘संख्या तीच राहते’ असं का म्हणतात?

मीनल: एकूण संख्या नव्हे. इनपुटपासून आउटपुटपर्यंतच्या प्रत्येक वाटेवरची आणि प्रत्येक फीडबॅक लूपमधली संख्या तीच राहते. लायझरसन आणि सॅक्स यांच्या १९९१ च्या शोधनिबंधाचा पायाच हा आहे. म्हणून ५ नॅनोसेकंदांचा अ‍ॅडर आणि एकच रजिस्टर असलेला अ‍ॅक्युम्युलेटर कितीही रीटाइम करा, ५ च्या खाली येणार नाही.

फरहान (पवई): मी व्हेरिफिकेशनमध्ये आहे. आमच्याकडे `synth_design -retiming` लावल्यावर नेटलिस्टमध्ये `sum_reg` सापडेना. फॉर्मल टूल आरटीएलमधल्या फ्लॉपची जोडी नेटलिस्टमध्ये शोधतं. फ्लॉपच हलल्यावर जोड्या जुळेनात आणि डिझाइन बरोबर असूनही मिसमॅचची रांग लागली. रीसेटचं काय करता?

मीनल: पुढे सरकवताना सोपं आहे. जुन्या रीसेट किमती गेटमधून काढल्या की नवी मिळते. मागे नेताना उलटं शोधावं लागतं. वरच्या उदाहरणात बेरजेचं रजिस्टर शून्यावर रीसेट होत असेल तर दोन्ही इनपुटना शून्य देऊन भागतं. पण एकाच तारेच्या दोन फाट्यांवर दोन रजिस्टर असतील, एक ० वर आणि दुसरं १ वर रीसेट होणारं, तर ती मागे नेऊन एक करता येत नाहीत. चांगलं टूल तिथे थांबतं.

फरहान: रीसेटच नसलेल्या डेटापाथमध्ये सुरुवातीच्या काही सायकल वेगळ्या दिसल्या, तरी ‘वर्तन तेच’ म्हणायचं? आमची टीम नाही म्हणते.

मीनल: व्हॅलिड सिग्नल येईपर्यंत आउटपुट कुणी वाचत नसेल तर मी हो म्हणेन. कंट्रोल लॉजिकमध्ये मात्र नाही.

गौरी: सरांच्या उदाहरणात एका रजिस्टरला एनेबल होता, शेजारच्याला नव्हता. ती दोन्ही मिळून गेटच्या पुढे नेता येतील?

मीनल: आहेत तशी नाही. एनेबल बंद असताना एक जुनी किंमत धरून बसेल आणि दुसरं बदलत राहील. पुढचं एकच रजिस्टर दोन्ही कामं कसं करणार? एनेबल मक्स म्हणून लॉजिकमध्ये उलगडला तर बघता येईल, पण मग त्या मक्सभोवती लूप तयार होतो आणि त्यातलं रजिस्टर त्यातच राहतं. सर्किट इथे टाक, बघूया.