मदत हवी आहे: टाय निवडताना काय बघायचं? गाठ घसरते, घड्या जात नाहीत

ठाणेकर_सुमेध
नवी नोकरी हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर आहे. रोज आठ-नऊ तास टाय घालावा लागतो. सध्या दोन आहेत, दोन्ही चकचकीत पॉलिस्टरचे आणि सर्वांत रुंद भागी ६ सेंमी. सकाळी बांधलेली गाठ दुपारपर्यंत खाली येते आणि कॉलरचं वरचं बटण दिसायला लागतं. रात्री गाठ न सोडता, नुसती सैल करून हुकला अडकवून ठेवतो. गळ्याजवळ पडलेली घडी आता जातच नाही. आता दोन चांगले टाय घ्यायचे आहेत. कापड, रुंदी आणि आतलं अस्तर कसं पारखायचं? ब्लेझरचं लॅपल मोजलं, ८.५ सेंमी आहे.

रानवारा
जड टाय घ्या, झालं. हातात घेतल्यावर वजन लागलं की माल चांगला. हलका टाय म्हणजे आत काहीच नसतं.

मंजिरी_क
माझ्या मुलाच्या शाळेच्या टायची अडचण आहे. इलास्टिकचा तयार गाठीचा आहे, तो लोंबतो. इथेच विचारते, चालेल ना?

शिवणयंत्र
मंजिरीताई, त्यात गाठ सैल होत नाही, इलास्टिक ढिलं होतं. गाठीच्या मागची टाके घातलेली पट्टी उसवून त्याच रुंदीचं नवं इलास्टिक घाला.

सुमेध, तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. घडी पडते ती ठेवण्याच्या पद्धतीमुळे. गाठ घसरते त्याला बहुतेक कापड, आतलं अस्तर आणि बांधण्याची रीत कारणीभूत असते.

आधी आतलं अस्तर. ते बाहेरून दिसत नाही, पण गाठीला आकार देतं तेच. चांगल्या टायमध्ये ते लोकरीचं किंवा लोकर-सुताच्या मिश्रणाचं असतं आणि बाहेरच्या कापडासारखंच उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपं, कापलेलं असतं. म्हणूनच टाय ओढल्यावर थोडा ताणतो आणि सोडल्यावर मूळ जागी येतो. दुकानात हे असं तपासा. गळ्याभोवती येणारा अरुंद भाग दोन्ही हातांत धरून हलकेच ताणा. अजिबात ताणला नाही, किंवा ताणून तसाच राहिला, तर तो सोडा. मग टाय अरुंद टोकाला धरून मोकळा लोंबकळू द्या. रुंद पातं सरळ न राहता पीळ खाऊन एका बाजूला वळलं, तर कापड उरेब नीट कापलेलं नाही. असा टाय कितीही नीट बांधला तरी गाठीखाली वाकडाच बसतो.

मागची शिवणही बघा. उलटून पाहिलं की दोन कडा मधोमध जोडलेल्या दिसतात. ती शिवण हाताची, सैल टाक्यांची असावी. बऱ्याच टायमध्ये अरुंद टोकाच्या आत दोऱ्याचा छोटा फास मोकळा सोडलेला असतो. ताण आला की हा दोरा सरकून जागा देतो. धागा निघालाय असं समजून तो कापू नका, शिवण उसवेल.

रानवाराजी, वजनावरून निम्मंच कळतं. पातळ रेशमाला भरदारपणा यावा म्हणून आत जाड अस्तर कोंबलेले टायही मिळतात. ते हाताला जड लागतात, पण त्यांची गाठ ठोकळ्यासारखी होते आणि कडा फुगतात. दोन बोटांत कापड चिमटून अस्तरापासून वेगळं सरकवून पाहा. वरचं कापड फार पातळ आणि आतला थर घट्ट, असं लागलं तर तो टाय घेऊ नका.

रानवारा
हे माहीत नव्हतं. पण गाठ घसरते कशी, ते अजून कळलं नाही. पॉलिस्टर असलं म्हणून काय झालं?

शिवणयंत्र
गाठ टिकते ती कापडावर कापड घासून. चकचकीत सॅटिन विणीत धागे वर तरंगतात, म्हणून दोन थर एकमेकांवरून सहज घसरतात. तिरप्या किंवा उठावदार रेघांच्या विणीचं रेशीम पकड देतं. ग्रेनाडीनसारखी जाळीदार वीण तर चांगलीच पकडते. विणलेले, म्हणजे निटेड टाय घडीही फारशी धरत नाहीत, पण हॉटेलच्या गणवेशात ते चालतील का ते विचारून घ्या. लिननला लगेच चुण्या पडतात, रोजच्या कामाला नको.

रुंदी लॅपलच्या आसपास ठेवा. ८.५ सेंमीच्या लॅपलला ८ सेंमीचा टाय नीट दिसेल. सध्याचे ६ सेंमीचे त्या कोटावर दोरीसारखे दिसत असणार, आणि गाठही बारीक होत असेल.

आता बांधणं. बहुतेक जण अरुंद टोक धरून गाठ फक्त वर सरकवतात, पण ती आवळतच नाहीत. शेवटी रुंद पातं फासातून काढल्यावर आधी त्यालाच खाली ओढून गाठ घट्ट करा. त्या वेळी बोटाने गाठीखाली मधोमध छोटी खळी दाबा. मग गाठ धरून, अरुंद टोक ओढत ती कॉलरपर्यंत न्या. टोक पट्ट्याच्या बकलाशी यावं. एवढं करूनही ती खाली आली तर कॉलर तपासा. वरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं ऐसपैस फिरत असतील तर कॉलर मोठी आहे, तिथे कुठलाच टाय थांबणार नाही.

अबोली_७
विंडसर बांधा ना, ती पक्की असते. साध्या गाठीपेक्षा मोठी, पण बसली की हलत नाही.

शिवणयंत्र
सपाट, पातळ टायला अर्धी विंडसर खरंच उपयोगी पडते. पण पूर्ण विंडसरमध्ये बरीच लांबी जाते. सुमेध उंच असले तर टोक बकलापर्यंत पोचणार नाही. जाड टायला चार फेऱ्यांची साधी गाठच बरी.

ठाणेकर_सुमेध
कॉलर तपासली, दोन बोटं सहज जातात. आता घडीचं सांगा. इस्त्री करू का?

अबोली_७
वर सुती कापड टाकून हलकी इस्त्री करा, मी तेच करते.

शिवणयंत्र
त्याने घडी जाईल, पण कडा चपट्या आणि धारदार होतील. टायची कड गोलसर असायला हवी, तीच दाबली गेली की आतला थरही चपटा होतो. त्याऐवजी वाफ द्या. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर बाथरूममध्ये रात्रभर टांगून ठेवा, किंवा इस्त्रीची वाफ थोड्या अंतरावरून सोडून हाताने सरळ करा. पाण्याचा थेंब पडू देऊ नका, रेशमावर डाग राहतो. पॉलिस्टरमध्ये उष्णतेने बसलेली घडी कदाचित पूर्ण जाणारही नाही.

रोज रात्री गाठ पूर्ण सोडा, आणि बांधली त्याच्या उलट क्रमाने सोडा. अरुंद टोक एका झटक्यात ओढून काढलं तर उरेब कापड ताणलं जातं. मग निदान एक दिवस विश्रांती. म्हणजे दोन टाय आलटून पालटून चालतील.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, दमट हवेत बुरशी धरते. घामाचा टाय कपाटात ठेवण्याआधी पंख्याखाली वारा लागू द्या.

मंजिरी_क
टांगायचा की गुंडाळायचा?

शिवणयंत्र
विणलेला निटेड टाय गुंडाळूनच ठेवायचा, टांगला की स्वतःच्या वजनाने लांबतो. साधा रेशमी टाय जाड, गोल दांड्यावर टांगा. बारीक तारेच्या हँगरवर मधोमध आडवी घडी पडते.

अबोली_७
मी रेशमी टायसुद्धा मधोमध दुमडून, अरुंद बाजूने सैल गुंडाळते. टांगल्याने उरेब कापड हळूहळू ओढलं जातं असं मला वाटतं.

शिवणयंत्र
चांगलं अस्तर असेल तर तेवढं ओढलं जाऊ नये. पण सैल गुंडाळण्यात तोटा काहीच नाही, प्रवासात तर तेच करावं. फक्त घट्ट वळी करू नका.

ठाणेकर_सुमेध
एक लहान मापाचा शर्ट आणि ८ सेंमीचे, उठावदार रेघांच्या विणीचे दोन रेशमी टाय बघतो. हॉटेलने ठरवलेल्या रंगात निटेड चालतात का, तेही उद्या विचारतो.