अनुभव धागा: त्याच कंपनीत दुसऱ्या विभागात जाताना लिहिलेलं पत्र

आयजेपी, म्हणजे कंपनीतल्याच लोकांसाठी जागेची जाहिरात, निघाली की अर्जाला जोडायचं पत्र तुम्ही कसं लिहिलंत? त्यातलं कुठलं वाक्य कामी आलं? मी सध्या डिस्पॅचमध्ये आहे, प्लॅनिंगसाठी लिहितोय.

चाकणकर: मी स्टोअरमधून खरेदीत गेलो. 'साठ्याची जबाबदारी समर्थपणे सांभाळली' हे वाक्य मी खोडलं, कारण ते कोणीही लिहील. त्याऐवजी लिहिलं: "सिस्टीममधला आणि रॅकवरचा साठा 100 पैकी 14 पार्टमध्ये जुळत नव्हता, वर्षभरात हे प्रमाण 3 वर आलं. रोज 20 पार्ट मोजायची पद्धत मी सुरू केली, बारकोड आयटीने बसवले." शेवटचा तुकडा मुद्दाम टाकला. घरातल्या घरातला अर्ज असतो, खरेदीचे साहेब आयटीला फोन लावून खात्री करणारच.

तयारीबद्दल: "दर वाटाघाटींचा अनुभव नाही. पण पीओवरची तारीख आणि माल आल्यावर होणाऱ्या जीआरएनची तारीख रोज बघत आल्यामुळे कोणता पुरवठादार कुठल्या मालाला उशीर करतो ते माहीत आहे." मुलाखत बराच वेळ याच वाक्यावर चालली.

मीनल_ठाणे: एवढं कशाला? अप्रेझल, रेटिंग सगळं एचआरकडे असतंच. मी तर चार ओळी लिहिल्या होत्या.

निवृत्त एचआरवाले काका: रेटिंग असतं, हे खरं. पण 'चार' कशामुळे मिळाले ते नव्या विभागप्रमुखाला त्यातून कळत नाही. आणि मीनल, तुझ्या नव्या साहेबांनी तुझं काम आधी पाहिलेलं असणार, म्हणून चार ओळी पुरल्या. मी पत्रात आधी दोन गोष्टी शोधायचो: सध्याच्या जागेवर किमान मुदत भरली का, आणि काम कोणाकडे सोपवून कधी मोकळे होणार. आताच्या साहेबांची तक्रार दिसली की पत्र बाजूला.

गुरुजी_सातारा: आमच्याकडे बदलीचा अर्ज योग्य मार्गाने जातो, त्यात कामगिरी कोण विचारतो! आईच्या आजारपणाचं कारण वर लिहावं की खाली?

चाकणकर: गुरुजी, तुमची गाव बदलायची बदली, ही काम बदलायची. इथे घरचं कारण आधी आलं तर वाटतं, याला फक्त इथून सुटायचंय.

श्वेता: सध्याच्या साहेबांना आधी सांगितलंत का? मी सांगितलं, तर माझं रिलीजच दोन तिमाही अडकलं.

निवृत्त एचआरवाले काका: सांगावं. नाहीतर त्यांना दुसऱ्याकडून कळतं.

श्वेता: काका, ते तुमच्या खुर्चीतून सोपं दिसतं. मी पुढच्या वेळी शॉर्टलिस्ट झाल्यावरच सांगणार.

डिस्पॅचवाला (धागाकर्ता): माझ्याकडे आकडा एकच: महिनाअखेरीला अडकणाऱ्या गाड्या कमी झाल्या. पण त्याच सुमारास ऑर्डरीही घटल्या होत्या. लिहू का?

चाकणकर: 100 ऑर्डरींमागे किती अडकल्या ते काढ. तरीही कमी दिसल्या तर लिही.