दान वाया कशानं जातं? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ईशाची आई: सगळ्यांना नमस्कार. ईशाला आठवीच्या प्रोजेक्टसाठी चार धर्मग्रंथांमधली दानाबद्दलची वचनं शोधून त्यांची तुलना करायची आहे. तिनं काढलेली यादी खाली देते. ज्यांना त्या त्या ग्रंथाची माहिती आहे त्यांनी कृपया एकदा नजर टाका.
गीता: १७.२०.
बायबल: "घेण्यापेक्षा देण्यात जास्त धन्यता आहे", मत्तय.
कुराण: बचतीच्या अडीच टक्के जकात द्या.
गुरू ग्रंथ साहिब: वंड छको, म्हणजे वाटून खा.
निष्कर्ष: चारही ग्रंथ एकच सांगतात.

डिसोझा आंटी: ईशा बेटा, वचन बरोबर आहे, पण ते मत्तयात नाही. प्रेषितांची कृत्ये २०.३५ मध्ये पौल ते येशूचे शब्द म्हणून सांगतो. चारही शुभवर्तमानांत हे वाक्य सापडणार नाही.

रेहानचे बाबा: जकात कुराणात पुष्कळ ठिकाणी येते. ती कोणाला द्यायची याचे आठ वर्ग ९.६० मध्ये सांगितले आहेत. पण अडीच टक्के हा आकडा कुराणाच्या आयतीत नाही, तो हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या नोंदी, आणि फिकह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे नियम, यांतून आला आहे. 'आयत' म्हणून लिहिलं तर चूक होईल.

सिमरनची मम्मी: आमच्याकडेही तेच. 'नाम जपो, किरत करो, वंड छको' ही गुरू नानकांच्या शिकवणीची तीन सूत्रं म्हणून लहानपणापासून शिकवतात, पण ही ग्रंथातली ओळ नाही. ओळच हवी तर अंग १२४५ बघ: "घालि खाइ किछु हथहु देइ ॥ नानक राहु पछाणहि सेइ ॥" जो कष्ट करून खातो आणि त्यातलं काही आपल्या हातानं देतो, त्यालाच वाट ओळखता येते. आम्ही पानाला 'अंग' म्हणतो. ग्रंथाची छापील प्रत, म्हणजे बीड, १४३० अंगांची असते, म्हणून अंगाचा आकडा दिला की कोणालाही ओळ सापडते.

ईशाची आई: बाप रे, चारातल्या तीन चुकल्या! बरं झालं विचारलं.

कुलकर्णी आजोबा: गीतेचा आकडा बरोबर आहे, पण माझा आक्षेप निष्कर्षावर आहे. 'सगळे एकच सांगतात' असं लिहिलं की तुलना संपलीच. दान करा, हे चौघंही सांगतात, त्यात शोधण्यासारखं काही उरत नाही. ईशा, एकच प्रश्न घे: दिलेलं दान वाया कशानं जातं? मग चौघांची उत्तरं शेजारी ठेव.
गीतेत १७.२० पाशी थांबू नकोस, २१ आणि २२ पण वाच. विसाव्यात सात्त्विक दान आहे: द्यायला हवं म्हणून दिलेलं, योग्य देश, काळ आणि पात्र पाहून, 'अनुपकारिणे', म्हणजे उलट उपकार न करणाऱ्याला. एकविसाव्यात परतफेडीसाठी किंवा फळावर डोळा ठेवून दिलेलं, आणि 'परिक्लिष्टम्', म्हणजे मनात कुरकुरत दिलेलं. ते राजस. बाविसाव्यात 'असत्कृतम् अवज्ञातम्': मान न राखता, तुच्छतेनं दिलेलं, नको त्या ठिकाणी, नको त्या वेळी, अपात्राला दिलेलं. ते तामस. देणारा, घेणारा, जागा, वेळ, चारही इथं पाहिलं जातं.

डिसोझा आंटी: मग आमच्याकडून मत्तय ६.१ ते ४ घे. ढोंगी लोक सभास्थानांत आणि रस्त्यांवर करतात तसं, दान करताना पुढे कर्णा वाजवू नकोस. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये. दिखावा करणाऱ्यांबद्दल येशू म्हणतो, त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं आहे. मूळ ग्रीकमध्ये इथं 'अपेखो' हे क्रियापद आहे. त्या काळच्या पावत्यांवर 'पूर्ण रक्कम पोचली' या अर्थानं हाच शब्द लिहीत. लोकांनी वाहवा केली, हिशेब तिथंच चुकता झाला, देवाकडे काही येणं उरलं नाही.

रेहानचे बाबा: आंटी, कुराण इथं थोडं वेगळं बोलतं. २.२७१ मध्ये उघड दिलेलं दानही चांगलंच म्हटलं आहे, फक्त गुपचूप गरिबाला दिलेलं जास्त चांगलं. कुराणाची खरी ताकीद देऊन झाल्यानंतरची आहे. २.२६४ सांगते, उपकार बोलून दाखवून आणि दुखवून आपलं दान बातल करू नका. असं करणारा हा निव्वळ लोकांना दिसावं म्हणून खर्च करणाऱ्यासारखा. त्याची उपमा अशी: गुळगुळीत खडकावर मातीचा थर बसला आहे, जोराचा पाऊस आला आणि खडक उघडा पडला. पुढची आयत, २.२६५, जोडीनंच वाचावी. तिथं उंचावरची बाग आहे. जोराचा पाऊस आला तर फळ दुप्पट, नाही आला तर नुसती भुरभुरही पुरते.

कुलकर्णी आजोबा: म्हणजे दोन्हीकडे पाऊस तोच, खाली काय आहे त्यावर ठरतं. फार सुंदर. गीतेतलं 'अवज्ञातम्' देतानाच्या वागण्याबद्दल आहे. हे तर दान हातातून सुटल्यावर कधीही होऊ शकतं, वर्षानंतरसुद्धा.

सिमरनची मम्मी: आजोबांचा प्रश्न वाचून मला दुसरी ओळ आठवली, अंग १४२८ वरची. "तीरथ बरत अरु दान करि मन मै धरै गुमानु ॥ नानक निहफल जात तिह जिउ कुंचर इसनानु ॥" तीर्थ, व्रत, दान करून मनात गर्व धरला तर ते निष्फळ जातं, हत्तीच्या आंघोळीसारखं. हत्ती नदीतून न्हाऊन बाहेर येतो आणि सोंडेनं धूळ उचलून स्वतःच्याच अंगावर उडवतो.
एक सांभाळ. ओळीत 'नानक' आहे म्हणून कवी गुरू नानक असं लिहू नकोस. ज्या गुरूंची बाणी ग्रंथात आहे त्यांनी 'नानक' हेच नाव वापरलं आहे. वर 'महला ९' आहे, म्हणजे हे नववे गुरू, गुरू तेगबहादूर.

ईशाची आई: ईशा शेजारी बसून वाचते आहे. ती म्हणते, खडक आणि हत्ती दोन्हीकडे पाणी आणि धूळ आहे, पण उलटी. कुराणात पाणी माती धुऊन नेतं आणि खाली काहीच नव्हतं हे दिसतं. ग्रंथ साहिबमध्ये पाण्यानं स्वच्छ झालेलं अंग हत्ती स्वतः मळवतो.

रेहानचे बाबा: शाबास ईशा! हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

सिमरनची मम्मी: आणि हत्तीच्या ओळीत बघणारा कोणीच नाही. कोणाला दाखवलं नाही, कोणाला बोलला नाही, तरी मनातल्या गर्वानं दान गेलं. मत्तयात बघणारे लागतात, कुराणात ज्याच्यावर उपकार बोलून दाखवायचे तो घेणारा लागतो.

डिसोझा आंटी: माझी एक शंका आधीच सोडवते, कारण टीचर विचारतील. त्याच मत्तयात ५.१६ मध्ये 'तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, म्हणजे ते तुमची सत्कर्मं पाहतील' असं आहे. विसंगती वाटेल, म्हणून वाक्य पुरतं वाच. तिथं लोकांनी पाहून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करायचं आहे. सहाव्यात लोकांनी आपल्याला पाहावं हाच हेतू आहे. मागचापुढचा मजकूर सोडून एक वाक्य उचललं की असं होतं.

ईशाची आई: मग तक्ता असा करते. पहिला रकाना वचन आणि त्याचा आकडा, दुसरा 'बिघाड केव्हा होतो', तिसरा 'कशामुळे'. गीता: देण्याआधी आणि देताना; भाव, वागणूक आणि निवड यांमुळे. मत्तय: देताना, बघणाऱ्यांसाठी दिल्यामुळे. कुराण: दिल्यानंतर; बोलून दाखवल्यामुळे. ग्रंथ साहिब: दिल्यानंतर, मनातल्या गर्वामुळे. चालेल?

रेहानचे बाबा: कुराणाच्या रकान्यात 'देताना' पण लिहा. त्याच आयतीत लोकांना दिसावं म्हणून खर्च करणारा आहे, तो देतानाच बिघडला. तिथं मत्तय आणि कुराण एका जागी येतात.

कुलकर्णी आजोबा: आणि 'चारही ग्रंथ एकच सांगतात' ही ओळ काढ.

ईशाची आई: काढली, आजोबा. ईशानं तिथं खडक आणि हत्ती काढायला घेतले आहेत.