मदत हवी आहे: लाईट येऊन गेली की लॅपटॉप २.४ वरच चिकटून बसतो

ओहोटी
गुहागरात जुन्या चिऱ्याच्या घरात राहतो, काम घरूनच. राउटर ओटीवर, माझं टेबल माजघरात, मध्ये एकच भिंत. प्लॅन १०० एमबीपीएसचा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींना एकच नाव दिलंय, राउटरमधलं बँड स्टिअरिंगही चालू आहे.

सकाळी ९० च्या वर स्पीड मिळतो. पावसात लाईट दिवसातून तीनचारदा जाते. ती आली की लॅपटॉप आपोआप जोडला जातो, पण स्पीड ३५-४० वर अडकतो आणि संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. वायफायच्या दांड्या पूर्ण दिसतात. लॅपटॉपचं वायफाय बंद करून चालू केलं की लगेच ९०. हे दर वेळी हातानेच करत बसायचं का?

नारळीपौर्णिमा
सोपं आहे. दोन नावं वेगळी करा आणि सगळं घर ५ वर टाका. २.४ आता कोण वापरतं!

चिरेबंदी
नारळीपौर्णिमा, लॅपटॉपपुरतं बरोबर, पण सगळं घर नको. चिऱ्याची दीड फुटाची भिंत, त्यात पावसाळ्यात ओल धरलेली. एका भिंतीपार ५ चालेल, दोन भिंतींपलीकडे स्वयंपाकघरात त्याचा जीव जाईल. तिथे २.४ च हवं.

ओहोटी, बंद-चालू केल्यावर ५ मिळतं, म्हणजे सिग्नलचा दोष नाही. जोडणी कधी होते ते बघायला हवं. लाईट आल्यावर लगेच आणि बंद-चालू केल्यानंतर, असं दोनदा हे चालवून चॅनल सांगा:

```
netsh wlan show interfaces
```

माडवाली
आमच्याकडे उलटंच. विहिरीच्या पंपाचा वायफाय स्विच नाव एक असल्यामुळे जोडलाच जाईना. शेवटी ५ तासभर बंद ठेवलं तेव्हा जमलं. तुमचा पंप कसा जोडलात?

ओहोटी
ताई, आमचा पंप अजून बटणावरच चालतो!
चिरेबंदी, लाईट आल्यावर `Channel : 6`, बंद-चालू केल्यावर `Channel : 100`. १०० मीच ठेवलाय. शेजारच्या होमस्टेचे राउटर ३६ ते ४८ वर गर्दी करतात.

चिरेबंदी
मग हेच कारण. ५२ ते १४४ हे चॅनल रडारही वापरतात. तिथे प्रसारण सुरू करण्याआधी राउटरला किमान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं. २.४ ला असं काही नाही, ते राउटर उठला की हजर. लॅपटॉप बॅटरीवर जागाच असतो, नाव दिसलं की शिरतो. त्या मिनिटात ५ अस्तित्वातच नसतं, मग स्टिअरिंग त्याला पाठवणार कुठे?

आणि एकदा बसला की तो उठत नाही. कुठल्या बँडवर राहायचं हे शेवटी लॅपटॉप ठरवतो. राउटर फार तर सुचवतो, किंवा शिरताना थोडा अडवतो. सिग्नल बरा असेपर्यंत लॅपटॉप दुसरीकडे शोधायलाही जात नाही, त्यामुळे तुमच्या पूर्ण दांड्याच इथे आड येतात.

चॅनल १४९ करा. तिथे ते एक मिनिट नाही आणि होमस्टेची गर्दीही टळेल. शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या `Advanced` टॅबखाली `Preferred Band` असेल, तर `Prefer 5GHz band` निवडा. सगळ्या कार्डांत ते नसतं.

नारळीपौर्णिमा
२.४ ची पॉवर कमी केली तरी होईल ना? मग त्याचा सिग्नल फिका दिसेल.

चिरेबंदी
मदत होते, पण त्या एका मिनिटात उपयोग शून्य. एकच दुकान उघडं असेल तर गिऱ्हाईक तिथेच जाणार.

ओहोटी
तीन दिवसांनी लिहितोय. १४९ केलं, कार्डात तो पर्यायही सापडला. लाईट पाचदा गेली. चारदा लॅपटॉप सरळ १४९ वर आला, एकदा मात्र परत ६ वर.
पॉवरचाही प्रयोग केला. २.४ `High` वरून `Medium` केली तर स्वयंपाकघरात आईचा व्हिडिओ कॉल तुटायला लागला. तासाभरात मुकाट्याने परत `High`.

चिरेबंदी
त्या एका वेळी ५ चा रेडिओ थोडा उशिरा उठला असेल. राउटरला छोटा डीसी यूपीएस लावा, मग तो बंदच पडणार नाही.

ओहोटी
तो आणतो. पण बायकोचा फोन तर लाईट न जाताही २.४ वरच असतो. ती स्वयंपाकघरातून माजघरात येऊन तासभर बसली तरी हलत नाही, आणि फोनमध्ये बँड निवडायची सोय सापडली नाही. त्याचं काय?

माडवाली
माझ्या पंपाचं पण सांगा कोणीतरी. राउटर बदलला की परत तेच करायचं का?