मदत हवी आहे : आईच्या सत्तरीच्या फोटोखाली काय लिहावं?

रविवारी आईला सत्तर पूर्ण होतात. घरच्या ग्रुपवर औक्षणाचा एकच फोटो टाकायचाय: आई पाटावर, गळ्यात कोल्हापुरी साज, शेजारी धाकटी नात निरांजनाकडे टक लावून बघतेय. फोटोखाली एक ओळ आणि खाली चार-पाच वाक्यांची नोंद, एवढंच. मजकूर फार लांबला की पुढचा दुमडला जातो आणि म्हातारी मंडळी तो उघडत नाहीत.

आता अडचण. 1956 चा जन्म, म्हणजे 'सत्तर वर्षे पूर्ण, एकाहत्तराव्या वर्षात पदार्पण' बरोबर. 'सत्तराव्या वर्षात पदार्पण' लिहिलं तर एक वर्ष कमी होतं, आणि आमचे मामा ते लगेच काढतात. 'अभीष्टचिंतन'मधला 'भी' दीर्घ, हेही तपासलंय.

खरा घोळ संबोधनाचा आहे. आम्ही भावंडं आईला 'तू' म्हणतो, वहिनी 'तुम्ही'. पोस्ट सगळ्यांच्या नावानं जाणार. म्हणून तिच्याशी न बोलता तिच्याविषयी लिहिलंय:

"साज तोच, हसू तेच. आईची सत्तर वर्षे आज पूर्ण झाली. पहाटेच्या चहापासून रात्री दाराची कडी लावेपर्यंत घर तिच्याच हिशोबानं चालतं. तांबड्या रश्श्याला मीठ किती, हे अजून तीच सांगते."

इथं 'तिच्याच', 'तीच' वहिनींच्या तोंडी खटकतं, 'त्याच' केलं तर आम्हाला परकं वाटतं. सर्वनाम टाळून ही दोन वाक्यं कशी फिरवावीत? आणि शेवटी 'शुभेच्छा' की 'नमस्कार'? ग्रुपात आईपेक्षा मोठी दोनच माणसं आहेत, बाकी सगळे लहान.